ढगाचा नळ

सुनेने जेवताना सहज विषय काढला आणि सासऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

“आमच्या मोठ्या बाईंना नवीन कविता पाहिजे,” ती म्हणाली. “पहिल्या पावसावर, हिंदीत. आठच ओळी. पालकांच्या कार्यक्रमात छोटा गट म्हणणार. जुनी कविता आता पालकांनाच पाठ झालीये. मुलं एखादी ओळ विसरली की समोर बसलेले बाप ती पूर्ण करतात.”

ती बालवाडीत शिकवायची. तिथली बहुतेक मुलं घरी हिंदी बोलणारी होती आणि तीही माहेरची हिंदीच. लग्न होऊन या घरात आल्यावर ती मराठी शिकली आणि इतकी भराभर शिकली, की भाजीवाल्याशी घासाघीस करताना तिला आता कुणी परकं समजत नसे.

“मी लिहितो,” सासरे म्हणाले.

घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. बाबांनी उभी हयात जाहिरातींचे मजकूर लिहिण्यात घालवली होती. ‘गरगर फिरे, घाम विरे’ हे पंख्याचं वाक्य त्यांचंच. साबणाचं, चपलांचं, उंदराच्या औषधाचंही त्यांचंच. कचेरीत त्यांना ‘यमकराव’ म्हणत आणि हे नाव चेष्टेने पडलंय, अशी शंका त्यांना आजवर आलेली नव्हती.

“हिंदीत लिहायचंय,” त्यांच्या मुलाने हळूच आठवण करून दिली. तो चष्म्याच्या दुकानात होता आणि समोरच्याला काय दिसत नाही हे त्याला चटकन कळायचं.

“मग? हिंदी काय मला नवीन आहे? देश-परदेशचे ग्राहक सांभाळले मी हिंदीत.”

“ते ग्राहक नंतर इंग्रजीत बोलायला लागायचे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटीचं भांडं पुढे सरकवलं.

बाबांनी हात धुतले आणि खोलीचं दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने ते कागद घेऊन बाहेर आले, खाकरले आणि उभं राहून वाचू लागले.

“नभमंडल में मेघ गरजते, विद्युल्लता से नयन चमकते…”

सुनेला जोराचा ठसका लागला. बाबांना वाटलं, ती हेलावली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“चार वर्षांच्या पोराने विद्युल्लता म्हटलं,” सासूबाई म्हणाल्या, “तर त्याचे पुढचे दोन दात तिथेच पडतील.”

बाबांनी सुनेकडे पाहिलं. ती डोळे पुसत म्हणाली, “बाबा, कविता मोठी छान आहे. फक्त मुलं लहान आहेत.”

हे मात्र त्यांना पटलं. उंदराच्या औषधाचा मजकूर लिहिताना उंदीर मारणाऱ्याचा विचार करावा लागतो, हे ते नवशिक्यांना नेहमी सांगत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला त्यांनी नवा कागद पुढे ठेवला. त्यावर चारच ओळी होत्या.

*पहला बारिश आया रे,*
*मोटा बूँद गिराया रे।*
*मेंढक डराव गाया रे,*
*सब के मन को भाया रे।*

“आया, गिराया, गाया, भाया. चारही ओळींना एकच यमक,” बाबा म्हणाले. “उरलेल्या चार ओळी यालाच जोडून देतो. एकदा ‘आया’ हाताशी असला की काही कमी पडत नाही.”

सून कागदाकडे बघत राहिली. तिचा नवरा एकदम उठला आणि गच्चीवरचे कपडे वाळले का बघायला गेला. कपडे धुतलेलेच नव्हते.

“छान आहे, बाबा,” सून म्हणाली.

आता यात तिची अडचण काय होती ते सांगायला हवं. हिंदीत बारिश ही बाई आहे. ती ‘आई’, ती ‘पहली’. बूँदसुद्धा बाईच, म्हणून ‘मोटी’. शिवाय हिंदीतला बेडूक डराव करत नाही, तो ‘टर्र-टर्र’ करतो. चार ओळींत इतकं सगळं होतं आणि ते लिहिणारे तिचे सासरे होते. ती लग्न होऊन आल्यावर याच माणसाने तिला आपली खुर्ची दिली होती आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसायला सुरुवात केली होती. अशा माणसाला ‘तुमच्या पावसाचं लिंग चुकलं’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिने सांगितलं नाही. वर्गात गेल्यावर आधी इमानाने बाबांची ओळ जशीच्या तशी म्हटली. ‘पहला बारिश आया रे’ म्हणताच पहिल्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. “टीचर, बारिश आया नहीं होता. बारिश आई होता है.” बाकीची मुलं दाराकडे बघू लागली, कारण शाळेत ‘आया’ म्हणजे आयाबाई, आणि आयाबाई आल्या की बिस्किटं येतात. सुनेने नाइलाजाने ओळी दुरुस्त केल्या. घरी काही बोलली नाही.

हे असंच निभावलं असतं. पण एका सकाळी ती कापलेले कागदी ढग टेबलावर विसरून गेली आणि ते ढग पिशवीत घालून बाबा शाळेत पोचले.

वर्गाची खिडकी बुटकी होती. बाहेरच्या व्हरांड्यातून त्यांना मुलांचा एकत्र आवाज ऐकू आला. “पहली बारिश आई रे, मोटी बूँदें लाई रे…”

बाबा थबकले. आधी त्यांना वाटलं, ही दुसऱ्याच कुणाची कविता. मग ‘रे’ ओळखू आला. आपल्या पोराला दुसऱ्याचे कपडे घालून कुणी फिरवतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी खिडकीतून मान आत घातली.

“आई नाही! आया!” ते ओरडले. “बच्चो, आया बोलो! आया!”

मुलांना हे फार आवडलं. सगळी एका सुरात किंचाळली, “आयाऽऽ!”

व्हरांड्याच्या टोकाकडून आयाबाई हातात ओलं फडकं घेऊन धावत आल्या. “कौन गिरा? किसको लगा?” त्यांनी आधी मुलं मोजली आणि मग खिडकीत अडकलेल्या बाबांकडे पाहिलं. मान आत घालताना गेली होती, पण बाहेर काढताना कान आडवे येत होते. शेवटी सुनेने आतून आणि आयाबाईंनी बाहेरून मदत करून त्यांना सोडवलं. बिस्किटं मिळाली नाहीत म्हणून मागच्या रांगेत एक जण रडला.

बाबांनी ढगांची पिशवी सुनेच्या हातात दिली आणि निघून गेले.

संध्याकाळी घरात वातावरण तंग होतं. बाबा खिडकीच्या कट्ट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. चहा ठेवला होता तसाच गार झाला होता. सून समोर येऊन उभी राहिली.

“बाबा, चुकलं माझं. मी तुम्हाला न विचारता बदललं.”

“बदल ना,” बाबा भिंतीला म्हणाले. “माझं काय? मी आपला पंखेवाला माणूस. फक्त एवढं सांग, ‘बारिश आई’ म्हणजे काय? कुणाची आई?”

“मला कशाला मध्ये घेताय?” आतून सासूबाईंनी विचारलं.

“तुला नाही गं!” बाबा ओरडले. “हेच म्हणतोय मी. शब्द तरी सरळ हवा!”

सुनेने एक मोठा श्वास घेतला. “बाबा, हिंदीत बारिश ती असते. ती येते. आई म्हणजे आली.”

“पाऊस ती?” बाबा भिंतीकडून वळले. “एवढा मोठा दांडगा पाऊस, आणि ती?”

“हो. बूँद पण ती.”

“थेंब?”

“ती.”

“आणि वारा?”

“हवा. ती. सड़क पण ती, म्हणजे ज्याच्यावर पडते तो रस्ता.”

बाबांनी बोटांवर हिशेब केला. “पाऊस बाई, थेंब बाई, वारा बाई, रस्ता बाई. मग तुमच्या हिंदीत पुरुष कोण आहे?”

“बादल. ढग.”

“तो काय करतो?”

“नुसता गडगडतो.”

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं आणि ते बराच वेळ थांबेना. बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण त्यांना बोच वेगळीच होती आणि ती त्यांनी आता काढली. “मग तू ‘छान आहे, बाबा’ का म्हणालीस? मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुमची आवाज पण इतकी…” ती थांबली. “काय झालं?”

बाबांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते अपराधी भाव आले होते. “तुझा आवाज,” ते हळूच म्हणाले.

“काय झालं माझ्या आवाजला?”

“म्हणजे आवाज तो असतो. मराठीत. तू आल्यापासून ‘आवाज आली, आवाज गेली’ म्हणतेस.”

सून मटकन खुर्चीत बसली. “आणि कुणी मला सांगितलं नाही? मी शाळेच्या फोनवर रोज सगळ्यांना म्हणते, ‘तुमची आवाज येत नाही’!”

“तुला वाईट वाटलं असतं,” बाबा म्हणाले.

दारात उभा राहून तिचा नवरा ऐकत होता. तो म्हणाला, “मला दोन्ही माहीत होतं,” आणि दोघांनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा गच्चीवर गेला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी सासरे आणि सून जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले. ठरलं असं, की कुणी कुणाची भीड ठेवायची नाही. लिंग सुनेचं, यमक बाबांचं.

“सगळ्यात आधी ‘रे’ काढायचा,” सून म्हणाली.

“का? ‘रे’ने ठेका येतो.”

“ठेका शब्दाने आला पाहिजे. ‘रे’ म्हणजे कमी पडलं तिथे घातलेली चिंधी.”

बाबांना हे लागलं, पण पटलंही. चपलांच्या जाहिरातीत ‘हो’ घातला म्हणून त्यांनी स्वतः एका सहकाऱ्याला असंच झापलं होतं. त्यांनी बाही वर केली. “ठीक आहे. मग मात्रा मोजू. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. ओळीला सोळा. मुलांना मोजायचं कळणार नाही, पण दर दोन मात्रांना एक टाळी दिली तर आठ टाळ्या होतात. आठ टाळ्यांत ओळ बसली की बसली.”

त्यांनी टेबलावर टाळी धरली. सून म्हणू लागली. “पहली बारिश आई, आई.” पह-ली, बा-रिश, आ-ई, आ-ई. बरोबर आठ टाळ्या. बाबांचे डोळे चमकले.

“पुढे थेंब हवेत,” ते म्हणाले. “रिमझिम रिमझिम?”

“नाही. रिमझिम म्हणजे बारीक पाऊस, बराच वेळ चाललेला. पहिली बारिश अशी येत नाही. आधी मोठे मोठे थेंब, एकेक, सुटे. पत्र्यावर मोजता येतील असे. टप. टप.”

“टप-टप टप-टप,” बाबांनी टाळ्या दिल्या. “चार झाल्या. अजून चार. ‘बूँदें लाई’. लाईवर टिंब का नाही? थेंब तर खूप आहेत.”

“कारण आणणारी एकच आहे. बारिश. बूँदें स्वतः आल्या असत्या तर ‘आईं’, टिंब देऊन.”

“म्हणजे टिंब नसलं तर एकटी आली, आणि टिंब असलं तर मैत्रिणी घेऊन,” बाबा म्हणाले. त्यांनी ते समाधानाने कागदावर लिहिलं.

*पहली बारिश आई, आई,*
*टप-टप टप-टप बूँदें लाई।*

मग ढगाची पाळी आली. ‘गड़-गड़ गड़-गड़ बादल बोला’ इथपर्यंत काम सुरळीत झालं आणि गाडी अडली. ढग काय बोलला? बाबांनी सुचवलं, “मैं तो हूँ पानी का गोला.” सून म्हणाली, ढग गोळा नसतो. तिने सुचवलं, “मेरा दिल है कितना भोला.” बाबा म्हणाले, हे लग्नाच्या पत्रिकेवर चालेल. झोला, शोला, तोला सगळं झालं. बाबा उठून येरझाऱ्या घालू लागले. सून पेन्सिल चावू लागली.

तेवढ्यात न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज घुमला. “नळ कोणी उघडा ठेवला? सगळी टाकी रिकामी झाली! या घरात एकाला शुद्ध असेल तर शपथ! कोणी उघडला हा नळ?”

दोघंही खुर्चीत ताठ झाले. नळ बाबांनीच उघडा टाकला होता. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते ओठ हलवत होते.

“किसने… मेरा… नल है…” सून पुटपुटली.

“खोला!” बाबा ओरडले. त्यांनी टाळ्या दिल्या. किस-ने, मे-रा, नल, है, खो-ला. आठ. “किसने मेरा नल है खोला! बसली! अगं, ऐकलंस का, तुझी ओळ बसली!”

“नळ कोणी उघडला ते सांगा आधी,” सासूबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या होत्या. त्यांना ओळ वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली. “ढगाची टाकी, आणि तोही आपल्यासारखाच बोंबलतोय,” त्या म्हणाल्या. “हे खरं वाटतं.” घरातली ती पहिली शाबासकी होती. मग त्या फरशी पुसायचं फडकं बाबांच्या हातात देऊन गेल्या.

फरशी पुसता पुसता पुढचं जमलं. साचलेल्या पाण्यात मुलं काय करतात? छप-छप. ‘छप-छप छप-छप पाँव चलाए’, आणि मग बुटात पाणी. बाबांनी आधी ‘कूदे’ला ‘डूबे’ जुळवलं होतं आणि स्वतःच खोडलं. “द आणि ब. हे यमक नव्हे, ही शेजारणींची तोंडओळख.” ‘चलाए’ला ‘लाए’ मात्र घट्ट बसलं. बेडकाच्या ओळीत त्यांचा जीव अजून डरावमध्ये अडकला होता. सुनेने त्यांना टर्र म्हणायला लावलं. “जोडाक्षराच्या आधीचं अक्षर जड होतं, म्हणजे टर्र तीन मात्रा,” बाबा म्हणाले. “दोन टर्र म्हणजे सहा, ‘कर’च्या दोन. आठ. अरे वा, हा बेडूक वृत्तात ओरडतो.”

तेवढ्यात सुनेने ‘मेंढक गाया’ खोडलं होतं, कारण हिंदीत त्याला ‘मेंढक ने’ लागतं आणि ‘ने’ला जागा नव्हती. “येऊ दे त्याला नुसता,” ती म्हणाली. असा बेडूक आला, आणि आल्यावर काय करणार, म्हणून लाजला. कागद पूर्ण झाला.

*पहली बारिश आई, आई,*
*टप-टप टप-टप बूँदें लाई।*
*गड़-गड़ गड़-गड़ बादल बोला,*
*“किसने मेरा नल है खोला?”*
*छप-छप छप-छप पाँव चलाए,*
*जूते भर-भर पानी लाए।*
*टर्र-टर्र कर मेंढक आया,*
*हमें देखकर वह शरमाया।*

वर्गात पहिल्यांदा ती म्हणायची वेळ आली तेव्हा सुनेने बाबांनाही बोलावलं. या वेळी दारातून. मुलांना त्यांनी खिडकीवाले आजोबा म्हणून लगेच ओळखलं.

टप-टपला सगळ्यांनी बोटांनी बाकं वाजवली. गड़-गड़ला अडचण आली, कारण ‘ड़’ बहुतेकांच्या जिभेला जमेना. कुणी गर-गर, कुणी गल-गल. नीट गडगडली ती फक्त दोन वेण्यांची मुलगी. तिला ढग केलं. पण तिने लगेच हरकत घेतली. “मैं लड़की हूँ. बादल बोली.”

बाबांनी घाबरून सुनेकडे पाहिलं. ‘बोली’ म्हटलं की ‘खोला’ गेला आणि यमकाचा बोऱ्या वाजला. सुनेने तिला समजावलं, की तू बादल भैयाचा आवाज काढते आहेस. मुलीने विचार केला, आणि मिशा काढून देणार असाल तर चालेल म्हणाली. काळ्या खडूने मिशा काढल्या.

मग तिने कमरेवर हात ठेवून, सासूबाईंनाही लाज वाटावी अशा आवाजात विचारलं, “किसने मेरा नल है खोला?”

सगळा वर्ग एका क्षणात हादरला. “मैंने नहीं!” एक जण ओरडला. “मैंने भी नहीं!” “इसने खोला!” “झूठ!” मागच्या रांगेतला एक जण रडायलाच लागला, कारण त्याने सकाळी खरंच नळ उघडा टाकला होता.

बाबांनी कपाळाला हात लावला. “अहो, मात्रा! मध्येच काय बोलताय!” पण मग त्यांनी हात खाली घेतला. मजकूर वाचून समोरचा माणूस आपण होऊन उत्तर देतो, असं त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एकदाही घडलं नव्हतं. उंदराच्या औषधालासुद्धा नाही. “राहू दे,” ते सुनेला म्हणाले. “इथे थांबायचं. मुलांना ओरडू द्यायचं. मग छप-छप.”

मोठ्या बाईंना कविता आवडली, पण पूर्ण नाही. त्या कडक होत्या आणि त्यांच्या खोलीत खुर्च्याही सरळ पाठीच्या होत्या. “यात संदेश कुठे आहे?” त्यांनी विचारलं. “नळाचा विषय निघालाच आहे, तर शेवटी दोन ओळी घाला. पानी है अनमोल खजाना, इसको हमको नहीं गँवाना.”

सून काही बोलणार तोच बाबा पुढे झाले. ग्राहकाला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. “उत्तम ओळी आहेत बाई,” ते म्हणाले. “मात्राही बरोब्बर. फक्त एकदा तुम्हीच मुलांना वाचून दाखवा. तुमच्यासारखं कुणाला जमणार?”

मोठ्या बाई वर्गात आल्या आणि खणखणीत आवाजात कविता वाचू लागल्या. नळाच्या ओळीला मुलं किंचाळली, “मैंने नहीं!” आणि मोठ्या बाईंच्या तोंडून, त्यांना स्वतःला कळायच्या आत, निघून गेलं, “मैंने भी नहीं!”

मोठ्या बाईंचे कान लाल झाले. त्यांनी उरलेली कविता वाचली, आपल्या दोन ओळीही वाचल्या. त्या ओळींवर एक मुलगा नाक खाजवत होता आणि बाकीचे बेडकाची वाट बघत होते.

“शेवटच्या दोन नकोत,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. “लांब होतं.”

कार्यक्रमाच्या दिवशी कडक ऊन होतं. हॉल भरला होता. बाबा नवा सदरा घालून तिसऱ्या रांगेत, शेजारी सासूबाई, पलीकडे मुलगा. पडदा सरकला. बोटांनी टप-टप झाली. पालकांना कविता नवी होती, त्यामुळे कुणी मध्ये बोललं नाही. मिशा लावलेला ढग पुढे आला.

“किसने मेरा नल है खोला?”

“मैंने नहीं!” मुलं ओरडली.

ठरल्याप्रमाणे आता छप-छप व्हायची. पण ढगाचं समाधान झालं नव्हतं. इतक्या दिवसांत या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही, हे बहुधा तिला आजच उमगलं. ती तशीच उभी राहिली. “तो फिर किसने?” तिने विचारलं.

मुलं गोंधळली. पडद्याआडून सून “छप-छप, छप-छप” कुजबुजत होती. ढग हलेना. “नहीं, पहले बताओ. किसने?” तिने समोरच्या पालकांवरून नजर फिरवली. मोठी माणसं बुटांकडे बघू लागली. पहिल्या रांगेत मोठ्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. छोट्या गटातल्या एकाचा ओठ थरथरायला लागला होता, आणि तो कोण हे बाबांना चांगलंच माहीत होतं.

बाबा उठून उभे राहिले.

“मैं खोला!” ते जोरात म्हणाले.

“मैंने, बाबा, मैंने!” पडद्याआडून सुनेचा आवाज आला. तिला भाषा सुधारायची होती, पण माइक चालू होता. हॉलला वाटलं, टीचरही कबूल झाल्या.

ढगाने आधी बाबांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “दोनों ने?” तिने विचारलं.

“दोनों ने,” बाबा मान खाली घालून म्हणाले.

“बंद करो.”

बाबांनी हवेत हात उंच केला आणि एक मोठा नळ घट्ट पिळून बंद केला. ढगाला ते पटलं. मागे वळून तिने मुलांना खूण केली आणि अशी काही छप-छप उसळली, की एकाचा बूट सुटून हार्मोनियमवर पडला. बेडूक आला, लाजला, आणि टाळ्या संपेपर्यंत लाजतच राहिला.

घरी चालत येताना बाबा ‘मैं, मैंने’ पुटपुटत होते. कोपऱ्यावर आल्यावर मात्र राहवलं नाही.

“मी उघडला, तर ‘मैं खोला’ का नाही?”

“खोलणं म्हणजे काहीतरी खोलणं,” सून म्हणाली. “असं काही केलं, आणि होऊन गेलं, की ‘ने’ लागतं. मैंने खोला. नुसते आलात तर लागत नाही. मैं आया.”

“आमच्याकडे मी म्हणजे मी,” बाबा म्हणाले. “मी आलो, मी नळ उघडला. मीला शेपूट लागत नाही.”

“पण ‘त्याने उघडला’ म्हणता की.”

बाबा रस्त्यात थांबले. त्यांनी मनातल्या मनात चार-पाच वाक्यं करून पाहिली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली, तरी ते हलले नाहीत.

“हे असं का आहे?” शेवटी त्यांनी विचारलं.

“मला नाही माहीत,” सून म्हणाली. “तुमची भाषा आहे.”

मुलगा आणि सासूबाई पुढे निघून गेले होते. सून आणि सासरे कोपऱ्यावरच उभे राहून भांडत होते, निम्मं मराठीत आणि निम्मं हिंदीत, आणि दोघंही हात हलवत होते. फळवाल्याने त्यांना दोनदा विचारलं, काही हवंय का. शेवटी त्यांनी एक पपई घेतली आणि ती मराठीतली पपई की हिंदीतला पपीता, म्हणजे ती की तो, हे भांडण पुढच्या गल्लीपर्यंत पुरलं.